कागदाच्या थरांचं पोर्ट्रेट: चेहऱ्यावर चट्टे, न काढलेल्या मिशा आणि हरवलेली ओळख

फोटोवरून पाच-सहा कागदांचे थर कापायचे, एकावर एक चिकटवायचे आणि चेहरा उभा करायचा. कापेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. थर रचून काम भिंतीला टेकवलं की समोरचा माणूस विचारतो, "कोण आहेत हे?" आणि तो "हे" माझ्या आत्याबद्दल विचारत असतो. हा दोष मी स्वतःच्या कामात इतक्यांदा दुरुस्त केला आहे, आणि ओळखीच्यांच्याही, की आता तपासणीचा एक क्रम ठरून गेला आहे. तोच इथे देते. आधी फुकटातल्या गोष्टी, मग कागद आणि वेळ खाणाऱ्या.

लक्षणं

यातलं एक जरी दिसत असेल तर पुढचं वाचा.

- गालांवर, कपाळावर नकाशातल्या देशांसारखे चट्टे दिसतात. जवळून काम सुबक, पण लांबून त्वचारोग झाल्यासारखा चेहरा.
- नाक आणि वरचा ओठ यांच्यामध्ये मिशी उगवते. फोटोत ती नसते, स्क्रीनवरच्या आराखड्यातही नसते, फक्त कागदात येते.
- डोळे म्हणजे दोन काळी भोकं. बुबुळ कापलं होतं, पांढरं कापलं होतं, दिसत काहीच नाही.
- वय दहा-पंधरा वर्षांनी वाढतं.
- पाच थर असूनही काम सपाट वाटतं, किंवा उलट, नाक आत गेल्यासारखं वाटतं.
- सगळं बरोबर आहे, पण माणूस "तो" नाही. त्याच्या भावासारखा दिसतो.

माझी रचना सांगून ठेवते, म्हणजे पुढचे थरांचे क्रमांक कळतील. सर्वांत गडद कागद तळाला, तो पहिला थर. त्यावर क्रमाने उजळ कागद, आणि सर्वांत उजळ पाचवा थर सगळ्यात वर. कपाळ, नाकाचा शेंडा, गालाचे उंचवटे हे चेहऱ्यातले पुढे आलेले भाग आणि उजेडही बहुधा त्यांच्यावरच असतो, म्हणून चेहऱ्यासाठी ही रचना स्वाभाविक पडते. शिवाय सुट्टा उजळ तुकडा खालच्या थरावर टेकतो, गळून पडत नाही. तुम्ही उलटं करत असाल, म्हणजे वरच्या गडद कागदात खिडक्या कापून आत उजळ कागद दाखवत असाल, तर थरांचे क्रमांक उलटे धरा. तपासण्या त्याच. फक्त त्या रचनेत सुट्टी बेटं चौकटीला धरून ठेवायला कागदाचे पूल सोडावे लागतात, ही एक जास्तीची कटकट.

पहिली तपासणी: दिवा दुसऱ्या बाजूला न्या

चाकू हातात घेण्याआधी हे करा. मूळ फोटोत उजेड कुठून येतोय ते बघा. नाकाची सावली ज्या गालावर पडली आहे त्याच्या विरुद्ध बाजूने. आता काम ज्या उजेडात ठेवलं आहे तो कुठून येतोय? फोटोत डावीकडून आणि खोलीत उजवीकडून, असं असेल तर कागदावर दोन सावल्यांचं भांडण चालू आहे. एक सावली रंगाची, तुम्ही कापलेली. दुसरी खरी, कागदाच्या कडेने टाकलेली. मेंदू एकीवर विश्वास ठेवतो तेव्हा दुसरी डाग वाटते. नाक आत गेल्यासारखं दिसण्याचं कारण जवळजवळ नेहमी हेच असतं.

टेबलावरचा दिवा हातात धरून कामाभोवती अर्धं वर्तुळ फिरवा. एका जागी चेहरा एकदम जुळून येईल. तसं झालं तर काम बिघडलेलंच नाही, टांगायची जागा चुकली आहे. जागा बदलता येत नसेल तर पुढच्या वेळी फोटो निवडतानाच भिंत आधी ठरवा.

दुसरी: काम आरशात बघा आणि मूळ फोटोशी ताडून पाहा

पेन्सिलीच्या रेघा दिसू नयेत म्हणून आपण बरेचदा कागदाच्या मागच्या बाजूवर आकार उतरवतो. तसं करताना आराखडा उलटा छापावा लागतो. विसरलात की सगळा चेहरा डावा-उजवा होतो. एकच थर उलटा झाला तर लगेच कळतं, कारण काही बसतच नाही. सगळेच उलटे झाले तर सगळं नीट बसतं आणि दोष सापडत नाही. कुणाचाच चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. भांग, वर चढलेली भुवई, हसताना आधी उघडणारा ओठाचा कोपरा, ही ओळखीची ठिकाणं असतात. "भावासारखा दिसतो" या तक्रारीमागे मला हे दोन-तीनदा सापडलं आहे. आरशात काम बरोबर दिसलं तर कारण कळलं. उपाय मात्र नव्याने कापणं हाच.

तिसरी: कागदांचा कृष्णधवल फोटो काढा

पाचही कागदांच्या पट्ट्या एकमेकींना लागून ठेवा आणि फोनच्या कृष्णधवल सेटिंगवर फोटो काढा. शेजारच्या दोन पट्ट्यांमधली सीमा फोटोत स्पष्ट दिसली पाहिजे.

हे का, तर चेहऱ्याचा आकार डोळ्याला उजेड-काळोखाच्या फरकावरून कळतो, रंगावरून नाही. गडद मरून आणि गडद हिरवा हातात घेतले तर दोन टोकं वाटतात, कृष्णधवल फोटोत मात्र एकच करडा रंग होतात. मग पाच थर कापूनही चेहऱ्याला चारच छटा मिळतात आणि दोन थरांमधली कड नुसती रेघ होऊन बसते. वय वाढवणाऱ्या सुरकुत्या बरेचदा याच रेघा असतात.

यात एक बारीक गोष्ट आहे. वरच्या कागदाची खरी सावली खालच्या कागदाला आणखी गडद करते, म्हणून स्क्रीनवर जी छटा बरोबर वाटली ती कागदात एक पायरी काळी पडते. दुसऱ्या आणि तिसऱ्या थरासाठी मी स्क्रीनवरच्यापेक्षा जरा उजळच कागद निवडते. पहिल्या थराची काळजी नको, तो काळाच हवा.

चौथी: थरांमधलं अंतर मोजा

मिशीचं कोडं इथे सुटतं.

दिव्याचा उजेड कागदाच्या पृष्ठाशी ४५ अंशांच्या कोनात येत असेल तर सावलीची रुंदी दोन थरांमधल्या अंतराइतकीच असते. २ मिलिमीटरची फोम टेप, २ मिलिमीटरची सावली. दिवा भिंतीलगत सरकून कोन ३० अंशांवर आला की तीच सावली साधारण साडेतीन मिलिमीटर होते. नुसत्या गोंदाने चिकटवलं तर अंतर फक्त कागदाच्या जाडीचं, जाडसर कार्डशीटला अंदाजे ०.३ मिलिमीटर, आणि सावलीही तेवढीच, केसाएवढी.

आता आत्याचं उदाहरण घेऊ. ए-४ कागदावर हनुवटीपासून कपाळापर्यंत चेहरा १६ सेंटिमीटर. नाकाखालून वरच्या ओठापर्यंतची त्वचेची पट्टी मोजली तर ९ मिलिमीटर. उजेड वरून येतो तेव्हा वरचा ओठ खाली कललेला असल्यामुळे फोटोतही तो गडदच उमटतो, तो गेला दुसऱ्या थरात. नाकाखालची सावलीही दुसऱ्या थरात, ३ मिलिमीटर. उरली ६ मिलिमीटर त्वचा, तिसऱ्या थराची. नाकाचा शेंडा चौथ्या आणि पाचव्या थरात होता आणि प्रत्येक थराखाली मी २ मिलिमीटरचा फोम लावला होता. म्हणजे शेंडा त्या पट्टीच्या वर ४ मिलिमीटर उचललेला. त्याची सावली खाली घरंगळली आणि नाकाखालच्या गडद तुकड्याला जोडूनच पुढे गेली. उजळ त्वचा उरली जेमतेम २ ते ३ मिलिमीटर, तीही वरच्या ओठाला चिकटून. लांबून बघणाऱ्याला त्याची मिशीच दिसणार.

डोळ्यांचंही तसंच. हसणाऱ्या माणसाच्या डोळ्याची उघडी फट या मापात ५ मिलिमीटरसुद्धा नसते. चार थरांच्या खिडकीतून तळाचं बुबुळ दाखवायचं म्हटलं तर सुमारे ९ मिलिमीटर खोल विहिरीत बघावं लागतं. आत उजेड पोचतच नाही.

पडताळा सोपा आहे. काम आडवं ठेवा, दिवा बरोबर वर, समोरून सरळ उजेड पडेल असा धरा. सावल्या नाहीशा झाल्यावर मिशी गेली आणि डोळे आले, तर आकार बरोबर आहेत, अंतर चुकलं आहे.

उपाय असा की फोम चेहऱ्याच्या बाहेरच्या कडांना द्यायचा, चेहऱ्याच्या आत नाही. पार्श्वभूमी आणि केस यांच्यात पूर्ण फोम. केस आणि चेहरा यांच्यात, जबडा आणि गळा यांच्यात पूर्ण फोम, कारण तिथे खरोखर मोकळी जागा असते. चेहऱ्याच्या आतले थर नुसत्या गोंदाने, किंवा फार तर मध्ये कार्डशीटचा एक लहान तुकडा घालून. नाकाला थोडा उठाव हवाच असेल तर फक्त नाकाच्या दांड्याखाली द्या, शेंड्याखाली देऊ नका.

डोळा मी आता वेगळाच बनवते. पांढरं, बुबुळ, चमकेचा ठिपका असे तीन लहान तुकडे सपाट चिकटवून एक चकती तयार होते. तिच्या मागे कार्डशीटचे दोन-तीन तुकडे लावून ती खिडकीत अशी वर उचलते की तिचं पृष्ठ वरच्या पापणीच्या थराच्या बरोबर एक कागद खाली येईल. पापणीची सावली डोळ्यावर पडते, पण केसाएवढीच. खऱ्या डोळ्यातही वरच्या पापणीची सावली पांढऱ्यावर असतेच, म्हणून ते पांढरं पाचव्या थराच्या कागदातून कापू नये. चौथ्याच्या कापलं तर डोळा भेदरलेला दिसत नाही.

फोम आधीच लावून झाला असेल तर ओढून काढू नका, कार्डशीट सोलून निघते. पातळ पातं फोमच्या मधून आडवं चालवा आणि उरलेला फोम बोटाने घोळवून काढा. एक थर गेला तरी चालेल, वरचे वाचतात.

पाचवी: बारीक तुकडे कुणात मिसळायचे

वरच्या चारही गोष्टी ठीक असून चट्टे राहिले असतील तर दोष आराखड्यात आहे. आता वेळ जाणार.

फोटोतून छटा काढणारं साधं सॉफ्टवेअर चेहरा ओळखून आकार पाडत नाही, उजेड मोजून पाडतं. गालावरचा तेलकट चमकेचा ठिपका आणि डोळ्यातली चमक त्याच्या लेखी सारखीच. आत्याच्या पहिल्या आराखड्यात २०० हून जास्त तुकडे होते. अंतिम कामात ३४ राहिले आणि ओळख तेव्हा आली.

आराखडा खऱ्या मापात छापा. स्क्रीनवर मोठा करून बघितलेला तुकडा भरघोस वाटतो, कागदावर तो तांदळाएवढा असतो. ४ मिलिमीटर रुंदीची कागदाची एक पट्टी कापून घ्या आणि ती प्रत्येक आकारावर ठेवत जा. जिथे पट्टीची रुंदी आकारात मावत नाही तिथे लाल खूण करा. ४ मिलिमीटरच का? कारण हाताने २ मिलिमीटरपेक्षा बारीक पट्टी कापताना कागद पात्याबरोबर ओढला जातो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे अरुंद जागा शेजारच्या सावलीत बुडून जाते. सावलीच्या रुंदीच्या दुपटीहून कमी रुंद दिसणारी पट्टी ही छटा म्हणून दिसत नाही, कळकट कड म्हणून दिसते.

लाल खुणा झाल्या की प्रत्येकीसाठी ठरवायचं: ठेवायची, फुगवायची, की मिसळायची.

ठेवायच्या किंवा मुद्दाम फुगवायच्या खुणा फार थोड्या. वरच्या पापणीची रेघ, डोळ्यातली चमक, नाकपुडी, दोन ओठांमधली रेघ आणि तिचे दोन्ही कोपरे, भुवईचं आतलं टोक. ओळख या जागांत असते. पापणीची रेघ आराखड्यात १ मिलिमीटर असेल तर ती दोन करा, बिनधास्त. आणि त्या माणसाची स्वतःची एखादी खूण, तीळ किंवा हनुवटीची खळी. बाकी सगळं मिसळायच्या यादीत. गालावरचे ठिपके, डोळ्याखालच्या वळ्या, केसांतल्या चमकत्या बटा, दातांमधल्या फटी. दात एक सलग पट्टी म्हणून कापा. दोन दातांमध्ये रेघ आली की हसू जातं आणि कवटी येते.

कुणात मिसळायचं, इथे मात्र बहुतेक जण चुकतात, मीही खूप वर्षं चुकले. ज्या शेजाऱ्याशी सगळ्यात लांब सीमा त्यात टाका, असा सरळ नियम वाटतो. त्याने घोटाळा होतो. तिसऱ्या थराची एक बारीक पट्टी समजा दुसऱ्या आणि चौथ्या थराच्या मध्ये आहे. ती चौथ्यात ढकलली तर चौथा थेट दुसऱ्याला भिडतो, एकदम दोन पायऱ्यांची उडी. मऊ वळणाऱ्या गालावर अशी उडी आली की जखमेचा व्रण दिसतो. म्हणून गालावर, कपाळावर, कानशिलावर मधली पट्टी काढायची नाही, ती रुंद करायची, आणि त्यासाठी गडद बाजूकडची जागा घ्यायची. उलट जबड्याची कड, नाकपुडी, पापणी, केसांची रेषा ही खरीखुरी वळणं किंवा टोकं आहेत. तिथे दोन पायऱ्यांची उडी हवीच, मधली पट्टी काढूनच टाका. थोडक्यात, बोट फिरवलं तर जिथे ते हळूहळू वळेल तिथे पायरी ठेवा, जिथे एकदम घसरेल तिथे उडी.

सुट्ट्या बेटांसाठी वेगळा हिशोब. उजळ त्वचेत अडकलेलं लहान गडद बेट उजळात विरघळवा. केसांतलं लहान उजळ बेट गडदात. आणि एकाच छटेची दोन-तीन बेटं जवळजवळ असतील तर ती पुसण्याआधी जोडता येतात का ते बघा. आत्याच्या सावलीतल्या बाजूला भुवईखालचा खळगा, नाकाची बाजू आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातला काळोख असे तीन तुकडे होते. तिन्ही मिळून एकच आकार केला, साधारण स्वल्पविरामासारखा. तीन डाग गेले आणि डोळ्याची खाच आली. सावलीतला गाल आणि गळासुद्धा एकाच तुकड्यात जाऊ द्या. जबड्याची कड तिथे दिसणार नाही, पण बघणारा ती स्वतः पुरी करतो. फक्त त्या बाजूच्या डोळ्यातली चमक ठेवा, नाहीतर चेहऱ्याची ती अर्धी बाजू कापून टाकल्यासारखी वाटते.

चष्मा असेल तर त्याला आराखड्यातून बाहेरच काढा. काचेवरची चमक पुसा, दांडीची सावली पुसा, आधी चष्म्याशिवायचा चेहरा पुरा करा. मग फ्रेम गडद कागदातून एका तुकड्यात कापून सगळ्यात वर ठेवा, जाडी निदान २ मिलिमीटर, फोटोत तारेची असली तरी. तिच्याखाली फोम नको, नाहीतर गालांवर दुसरा चष्मा उमटतो.

सहावी: छटांचे उंबरठे पुन्हा लावा

तुकडे मिसळून थकलात आणि तरी चट्टे संपत नाहीत, तर फोटोतून छटा पाडतानाच गडबड झाली आहे.

एक, आधी फोटो मऊ केला नव्हता. जिंप या फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये `Filters > Blur > Median Blur` लावा. साध्या धुसर करण्यापेक्षा हा बरा, कारण तो त्वचेवरचे ठिपके घालवतो पण पापणीसारख्या ठळक कडा बऱ्यापैकी राखतो. आकडा किती ते फोटोच्या मापावर ठरतं. डोळ्याची फट बुजायला लागली की एक पाऊल मागे या.

दोन, उंबरठे, म्हणजे एक छटा संपून दुसरी सुरू होते ते उजेडाचे आकडे, समान अंतरावर ठेवले होते. ० ते २५५ चे सरळ पाच भाग केले तर केसांना दोन-तीन थर मिळतात आणि सगळा चेहरा उरलेल्या दोनांत कोंबला जातो. `Colors > Threshold` उघडून काटा चेहऱ्यावर नजर ठेवूनच सरकवा. आत्याच्या फोटोत मी ६०, १०५, १५० आणि २०० वर थांबले होते, कारण १०५ ला नाकाची सावली नेमकी सुटी झाली आणि २०० ला फक्त कपाळ, नाक आणि एक गाल राहिला. तुमच्या फोटोचे आकडे वेगळे येतील. प्रत्येक उंबरठ्यावर स्वतःला विचारायचं की हा नेमका कुठला आकार सुटा करतोय. उत्तर मिळत नसेल तर तो थर नकोच. चार थरांचा चेहरा सहा थरांपेक्षा बरेचदा जास्त ओळखू येतो.

तीन, आकार एकमेकांच्या शेजारी कापले, एकावर एक नाही. प्रत्येक वरचा थर खालच्या थराच्या आत पूर्ण सामावला पाहिजे आणि खालचा कागद वरच्याच्या पोटाखालून सलग गेला पाहिजे. इंकस्केप या रेखांकनाच्या सॉफ्टवेअरच्या `Path > Trace Bitmap` मध्ये अनेक छटा काढताना `Stack` ची खूण असेल तर ते आपोआप होतं. ती खूण नसेल तर तुकडे फरशीसारखे बाजूबाजूला येतात, फटीतून तळ दिसतो आणि त्या काळ्या फटींनाच आपण चट्टे म्हणत बसतो.

नवा आराखडा झाला की तो स्क्रीनवर अंगठ्याच्या नखाएवढा करून बघा. त्या मापात ओळखू आला तरच कापायला घ्या.

सातवी: फोटोच बदला

समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत सावल्याच नसतात, त्यामुळे उंबरठे त्वचेच्या रंगातल्या डागांवर जाऊन बसतात. तिथे कितीही मिसळा, आकार येणार नाही. हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक फुगतं आणि कान मागे जातात. कागदात ते आणखी उठून दिसतं. माणूस उपलब्ध असेल तर त्याला खिडकीशेजारी तिरपं बसवा, दीड-दोन मीटरवरून थोडं झूम करून नवा फोटो काढा. नाकाची सावली ओठाच्या कोपऱ्याकडे तिरकी गेली पाहिजे, सरळ खाली ओठावर नाही. सरळ खाली गेली तर मिशीची तयारी फोटोतच झाली म्हणून समजा.

कुठे थांबायचं आणि कुणाकडे जायचं

माणूस हयात नाही आणि एकच जुना, फिका किंवा हललेला फोटो आहे, तर उंबरठ्यांशी झुंजू नका. व्यक्तिचित्रं काढणाऱ्या चित्रकाराकडून चार छटांचं सपाट रेखाटन करून घ्या आणि त्यावरून कापा. फोटोत नसलेली पापणी उंबरठे लावणारं सॉफ्टवेअर आणू शकत नाही, चेहऱ्याची हाडं कळणारा माणूस आणू शकतो. तो जुना फोटो अल्बमला किंवा काचेला चिकटलेला असेल तर स्वतः सोडवायला जाऊ नका. आहे तसाच वरून फोटो काढून काम भागवा, आणि सोडवायचाच असेल तर जुने फोटो दुरुस्त करणाऱ्याकडे द्या.

मिसळून झाल्यावरही शंभरावर तुकडे उरत असतील आणि ते ठेवायचेच असतील, तर लेझर कटिंगवाल्याकडे जा. प्रत्येक थराला सारखीच आयताकृती चौकट आणि चारही कोपऱ्यांत जुळणीची भोकं ठेवून फाइल द्या. कागदावर प्लॅस्टिकचा थर असेल तर तो कशाचा आहे ते आधी सांगा. पीव्हीसी असेल तर लेझरखाली विषारी वायू सुटतो आणि यंत्रही गंजतं. चांगला कारागीर असा कागद घेतच नाही.

मोठ्या मापाचा वरचा थर मध्येच झोल देत असेल तर आधी त्याच्या पाठीला दर ४-५ सेंटिमीटरवर आधाराचे तुकडे लावून बघा. तरी कागद हवेतल्या दमटपणाने लाटेसारखा उठत राहिला तर फ्रेमवाल्याकडे न्या आणि खोल चौकट मागा. काच सगळ्यात वरच्या थराला टेकणार नाही इतकं अंतर त्याला आधी मोजून द्या, कारण टेकलेल्या काचेखाली फोम दबतो आणि इतक्या खटपटीने बसवलेल्या सावल्या पुन्हा हलतात.

आत्याचं काम दुसऱ्यांदा कापलं तेव्हा ३४ तुकड्यांपैकी फक्त तिघांखाली फोम होता: केसांखाली, चेहऱ्याच्या बाहेरच्या कडेखाली आणि पदराखाली. ते बघून तिने फक्त एवढंच विचारलं की चष्मा इतका जाड का केलास.